खडे जमलेली रसायनाची बाटली उघडू नका

फिरता मेसेज: “जुन्या बाटलीच्या झाकणाला खडे धरले असतील तर गरम पाण्यात धरून पिळा, आतलं मोरीत ओता.”

असं अजिबात करू नका. समजा, गिरगावातल्या शाळेच्या अडगळीत लेबल नसलेली बाटली सापडली. आत ईथर हे रसायन असेल, तर हवा लागून वर्षानुवर्षांत पेरॉक्साइड हा स्फोटक पदार्थ तयार होतो आणि झाकणाच्या आट्यांत पांढरे खडे बसतात. झाकण पिळताना होणाऱ्या घर्षणानेही स्फोट होऊ शकतो. पिवळे खडे सुकलेल्या पिक्रिक आम्लाचेही असतात, तेही तितकेच घातक.

बाटली हलवू नका, पुसूही नका. फोटो लांबूनच झूम करून घ्या, खोली रिकामी करून दार लावा, मग १०१ वर अग्निशमन दलाला “झाकणाला खडे आहेत” हे स्पष्ट सांगा. गरज पडल्यास बॉम्बशोधक पथक येतं. बाटली भंगारवाल्याला किंवा कचरागाडीत तर मुळीच देऊ नका.