‘सआदत’, ‘मुहतरम’ आणि ‘डिअर सर’: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “लेख वाचून वाईट वाटलं. अरबी पत्रातला सलाम, मानाचे शब्द, शेवटचं आर्जव हे सगळं काढायचं आणि तिथे ‘डिअर सर’, ‘युअर्स फेथफुली’ बसवायचं, याला भाषांतर कसं म्हणायचं? ही कापाकापी झाली. लिहिणाऱ्यानं दिलेला मान तुम्ही परस्पर काढून घेताय. शब्दाला शब्द ठेवा, अगदीच अडलं तर कंसात द्या.”

नमस्कार. मान हरवू नये हा आग्रह माझाही आहे. पण तो इंग्रजीत पोचतो कसा, याबद्दल आपलं जमत नाही. म्हणून एक पत्रच समोर ठेवून बोलतो.

समजा, ओमानमधल्या एका सरकारी खात्यानं खासगी कंपनीला परवान्याच्या नूतनीकरणाबद्दल लिहिलंय. वरची ओळ अशी: ‘अल-फादिल / मुदीर आम शरिकत’, पुढे कंपनीचं नाव आणि शेवटी ‘अल-मुहतरम’. खाली ‘तहिय्या तय्यिबा व बाद’ आणि त्यापुढे एकापाठोपाठ तीन स्वल्पविराम. मग मजकूर. शेवटी ‘व तफद्दलू बि-कबूल फाइक अल-इहतिराम व अत-तकदीर’.

तुम्ही म्हणता तसं शब्दाला शब्द ठेवून पाहा. ‘द व्हर्च्युअस, जनरल मॅनेजर, द रिस्पेक्टेड. अ गुड ग्रीटिंग, अँड आफ्टर.’ इंग्रजी वाचणारा ‘व्हर्च्युअस’पाशीच अडखळेल. एखाद्या मॅनेजरच्या सद्गुणांची सरकारी पत्रात दखल का घेतली असावी, असं त्याला वाटेल. लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनात तसलं काहीच नव्हतं. ओमानी कार्यालयात ‘अल-फादिल’ म्हणजे आपलं ‘श्री’, आणि बाईंसाठी ‘अल-फादिला’. ‘अल-मुहतरम’ हे त्याच मानाचं नावामागचं टोक. या दोन्हींचं काम इंग्रजीत एकटं ‘मिस्टर’ करतं, आणि इथल्यासारखं नाव नसून नुसतं पद असेल तर ‘डिअर सर’ करतं.

आता ‘व बाद’. इथे तुम्हाला अरबी येण्याचीही गरज नाही, मराठी पत्र आठवा. ‘सा. न. वि. वि.’मधलं ‘विनंती विशेष’ ही काही विनंती नसते. नमस्कार संपला, आता कामाचं बोलू, एवढीच ती खूण असते. ‘व बाद’ म्हणजे नेमकं तेच, आणि ते तीन स्वल्पविरामही त्याच खुणेचा भाग. इंग्रजी पत्रात हे काम ‘डिअर सर’नंतरचा नवा परिच्छेद करतो. अरबीत विषयाची ओळ बहुधा अभिवादनाच्या आधी येते, ब्रिटिश वळणाच्या इंग्रजी पत्रात ती ‘डिअर सर’च्या खाली जाते. ती तिथे सरकवली की ‘व बाद’ची जागा आपोआप भरते. इंग्रजी पत्रात तिरकी रेघ आणि तीन स्वल्पविराम तसेच उतरलेले दिसले, तर भाषांतरकारानं अक्षरं वाहून आणली आणि पत्र मागेच राहिलं, असं खुशाल समजावं.

शेवटच्या ओळीत ‘अतिशय आदर व कौतुक यांचा स्वीकार व्हावा’ असं आर्जव आहे. अरबीत हीच ओळ नावानिशी लिहिलेल्या पत्राला चालते आणि नुसत्या पदाला लिहिलेल्यालाही चालते. इंग्रजीत तसं नाही. ‘डिअर सर’ असेल तर ‘युअर्स फेथफुली’, ‘डिअर मिस्टर’ म्हणून पुढे नाव असेल तर ‘युअर्स सिन्सिअरली’. म्हणजे ही ओळ उतरवण्याआधी मान वर करून स्वतःच लिहिलेला मायना पाहावा लागतो. ती जोडी चुकली तर इंग्रजी वाचणाऱ्याला पत्र गबाळं वाटतं, आणि मूळ पत्र गबाळं नव्हतं.

मानाच्या शब्दांबद्दल मात्र तुमची काळजी रास्त आहे. तिथे खरंच काहीतरी हरवतं. अरबीत पायऱ्या आहेत. राष्ट्राध्यक्षांना ‘फखामत’, लेबनॉन-जॉर्डनमध्ये पंतप्रधानांना ‘दौलत’, मंत्र्यांना ‘मआली’, राजदूत आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना ‘सआदत’. इंग्रजीत या चौघांनाही ‘हिज एक्सलन्सी’च म्हणतात, म्हणजे चार पायऱ्यांची एक होते. त्यावर उपाय म्हणजे पद पूर्ण लिहिणं. ‘हिज एक्सलन्सी द मिनिस्टर ऑफ’ असं लिहून पुढे खातं दिलं की पायरी पदातून कळते. नुसतं ‘हिज एक्सलन्सी’ आणि नाव लिहून थांबलं की ती गेली.

त्यातही ‘सआदत’ फार जपून. आखातात हा शब्द राजदूतालाही लावतात आणि एखाद्या कंपनीच्या महाव्यवस्थापकालाही. महाव्यवस्थापकाला ‘एक्सलन्सी’ केलंत तर लंडनमधला वाचक त्याला राजदूत समजेल. मूळ पत्रात नसलेला हुद्दा तुम्ही त्याला बहाल केलात. मान वाढवणं हीसुद्धा चूकच. उलट बाजूनं ‘अस-सय्यिद’ पाहा. इजिप्तच्या पत्रात ते साधं ‘मिस्टर’ आहे. ओमानमध्ये मात्र ते सत्ताधारी अल बू सईद घराण्यातल्या व्यक्तींच्या नावाआधी येतं. तिथे ‘मिस्टर’ लिहिलंत तर राजघराण्यातला माणूस खाली उतरवलात. म्हणून मी आधी पत्र कोणत्या देशातून आलंय ते पाहतो, मग शब्द.

शब्दाला शब्द ठेवावाच लागतो अशाही जागा आहेत, आणि त्या मीही सोडत नाही. सौदी अरेबियात राजे फहद यांनी 1986 मध्ये ‘जलालत’ ही उपाधी बाजूला ठेवून ‘खादिम अल-हरमैन अश-शरीफैन’ ही घेतली. तिचं इंग्रजी ‘द कस्टोडियन ऑफ द टू होली मॉस्क्स’ असंच होतं. तिथे सवयीनं ‘हिज मॅजेस्टी’ टाकणं म्हणजे राजानं स्वतः बाजूला ठेवलेला शब्द त्याला परत चिकटवणं. परराष्ट्र खातं दूतावासांना जी औपचारिक पत्रं पाठवतं, त्या ‘नोटां’चंही तेच. ‘तुहदी विजारत अल-खारिजिय्या अत्यब तहिय्यातिहा’ या सुरुवातीला इंग्रजीत ‘प्रेझेंट्स इट्स कॉम्प्लिमेंट्स’ हा ठरलेला जोडीदार आहे, आणि शेवटाला ‘द अशुअरन्सेस ऑफ इट्स हायेस्ट कन्सिडरेशन’. ते एका अक्षरानंही आखडायचं नाही. कडक निषेधाच्या नोटेत हे सौजन्य मुद्दाम गाळण्याची रीत आहे, त्यामुळे तुम्ही गाळलंत तर नसलेला राग दिसेल.

आणि पत्र कोर्टात पुरावा म्हणून जायचं असेल तर मी सगळं ठेवतो. सलाम, रहमत, बरकत, नावामागचं ‘हफिजहुल्लाह’, सगळं. तिथे पत्राचा सूरच वादाचा मुद्दा होऊ शकतो, आणि काय महत्त्वाचं ते ठरवणं वकिलांचं आणि न्यायाधीशाचं काम. परवान्याच्या पत्राचा वाचक वेगळा. त्याला तारीख, फी आणि कागदपत्रांची यादी हवी असते, आणि आपल्याशी रीतीनं बोललंय एवढं जाणवायला हवं असतं. ‘डिअर सर’नं ते जाणवतं, ‘व्हर्च्युअस’नं नाही.

कंसाचं म्हणाल, तर तो पर्याय मी वापरत नाही. प्रमाणित भाषांतरात चौकटी कंस ही भाषांतरकाराच्या टिपणाची जागा असते: इथे गोल शिक्का आहे, इथली सही वाचता येत नाही, वगैरे. सलाम त्या कंसात गेला की वाचणारा तो तुमचा शेरा समजतो. ज्यानं तो लिहिला त्याचा सलाम त्यानं लिहिलाच नाही, असं दिसतं. ठेवायचा असेल तर त्याच्या मूळ जागी, उघडा ठेवा.