सुई वाचते, स्ट्रिप जाते

शुगर तपासायची सुई, म्हणजे लॅन्सेट, एकदाच वापरायची असते. तरी नागपुरात ब्लड सॅम्पल घ्यायला घरोघरी जाताना एकच सुई आठवडा-आठवडा चालताना मी पाहते आणि मला फार वाईट वाटतं.

महालातल्या एका काकाजींचंच बघा. बोटांची टोकं काळीनिळी, कडक झालेली. "सुई केव्हा बदलली, काकाजी?" विचारलं तर म्हणाले, "चालून राहिली ना बेटा, कशाला फेकायची?" सुई बसवून टोचायच्या त्यांच्या पेनवरचा, सुई किती खोल जाईल तो आकडा दोनवरून पाचवर गेला होता. रक्तच येत नाही म्हणून त्यांनीच तो वाढवत नेला होता.

नव्या सुईचं टोक तिरकं घासून धारदार केलेलं असतं आणि वर सिलिकॉनचा पातळ थर असतो, म्हणून ती कातडीत सहज शिरते. वापरल्यावर हा थर निघू लागतो आणि टोक बोथट होतं, वाकतं. डोळ्यांना ते दिसत नाही, बोटाला मात्र कळतं. मग सुई टोचत नाही, कातडी फाडते. स्पिरिटने पुसूनही ती निर्जंतुक होत नाही, उलट राहिलेला थरही जातो.

बोथट सुईने थेंब बारीक येतो. मग आपण बोट पिळतो. पिळल्याने रक्तात पेशींभोवतालचं पाणी मिसळतं आणि आकडा चुकू शकतो. थेंब पुरला नाही तर मशीन एरर दाखवतं, स्ट्रिप वाया. काकाजींची माझ्यासमोर अशीच एक गेली. सुई दोन-चार रुपयांची, स्ट्रिप पंधरा-वीसची. एका वाया गेलेल्या स्ट्रिपमध्ये चार-पाच नव्या सुया आल्या असत्या!

नवी सुई लावून खोली परत दोनवर आणली. कोमट पाण्याने हात धुवून नीट कोरडे केले, हात थोडा वेळ खाली सोडला आणि अनामिकेच्या कडेला टोचलं. गोल थेंब आपोआप आला. बोटाच्या मधोमध टोचू नका, तिथे जास्त दुखतं.

संसर्गाचंही सांगते. स्वतःचीच सुई पुन्हा वापरली की दर वेळी पू होतो असं नाही. पण वापरलेल्या सुईवर रक्त आणि कातडीवरचे जंतू राहतात, आणि शुगर वाढलेली असली की जखम भरायला वेळ लागतो. टोचलेली जागा लाल, गरम, ठसठसणारी झाली तर डॉक्टरांना दाखवा.

खरी भीती एकाच सुईने दोघांची तपासणी करण्याची. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकतो. डोळ्यांना रक्त दिसत नसलं तरी तो असू शकतो. नुसती सुई बदलूनही भागत नाही, कारण पेनच्या तोंडालाही रक्त लागतं. नवरा-बायको दोघांनाही शुगर असेल तर पेनही दोन ठेवा आणि त्यावर नावं चिकटवा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाका. कचऱ्याच्या पिशवीत सुटी सुई गेली, तर ती सकाळी गाडीवर कचरा वेगळा करणाऱ्याच्या हातात रुतते.