बाराने भागलं की झालं?

"वर्षाचं बिल भरलं की बाराने भागायचं. ज्या महिन्यात पैसे भरले तिथून दरमहा सारखा खर्च टाकायचा. करार मध्येच मोडला तर शीटमध्ये शेवटची तारीख बदलायची, बाकी आपोआप होतं."

आगाऊ भरलेल्या वर्षाच्या बिलाचा खर्च शीटमध्ये महिन्यांवर वाटायचा हा सल्ला ऐकायला सोपा आहे, पण चुकीचा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानाचंच उदाहरण घेतो, मी तिथली वही बघतो. वजनकाट्याच्या देखभालीचा वार्षिक करार, जीएसटी सोडून 36,500 रुपये. जीएसटीचं क्रेडिट घेतलं असल्यामुळे तो या वाटणीत धरायचाच नाही. बिल भरलं 5 ऑगस्ट 2024 ला, पण करार 17 ऑगस्ट 2024 ते 16 ऑगस्ट 2025.

खर्च पैसे भरल्यापासून नव्हे, सेवा सुरू झाल्यापासून धरायचा. 5 तारखेला सगळी रक्कम आगाऊ खर्चाच्या खात्यात जाते आणि 17 पर्यंत तिथेच राहते.

आता बारा. हा करार तेरा महिन्यांना शिवतो, कारण दोन्ही टोकांना ऑगस्ट आहे. दिवस 365, म्हणजे रोजचे 100 रुपये. पहिल्या ऑगस्टचे 15 दिवस, 1,500. सप्टेंबर 3,000, ऑक्टोबर 3,100. मार्चअखेर 227 दिवस होतात, म्हणजे खर्च 22,700 आणि आगाऊ शिल्लक 13,800. बाराने भागून ऑगस्टपासून टाकलं तर मार्चअखेर 24,333 पडतात, म्हणजे 1,633 रुपये पुढच्या वर्षातून ओढले जातात. दिवस मोजायचा कंटाळा असेल तर महिनेवारी वाटणीही चालते, पण पहिला आणि शेवटचा महिना अर्धा धरून, आणि सगळ्या करारांना तीच पद्धत लावून.

खरं नुकसान शेवटची तारीख बदलण्यात आहे. समजा 20 जानेवारी 2025 हा कराराचा शेवटचा दिवस ठरला. शीटमध्ये ती तारीख टाकली की 36,500 रुपये 157 दिवसांवर पसरतात, रोजचे 232 होतात आणि कधीच बंद झालेला ऑगस्ट 1,500 वरून 3,487 वर जातो. टॅलीत मात्र 1,500 च आहेत. शीट आणि खातं जुळत नाही, ते इथूनच.

तारखेला हात लावायचा नाही. जानेवारीत 20 दिवसांचे 2,000 टाका. एकूण खर्च 15,700 होतो, शिल्लक 20,800. कंपनीने क्रेडिट नोट 15,000 ची दिली, तर तेवढी येणे रकमेत न्या आणि उरलेले 5,800 जानेवारीतच खर्चात टाका. ते पुढे वाटायचे नाहीत, कारण पुढे सेवाच नाही. क्रेडिट नोटवरच्या जीएसटीचं क्रेडिटही उलटवावं लागतं.

दर महिनाअखेर एकच पडताळा घेतो: उरलेले दिवस गुणिले 100 बरोबर खात्यातली शिल्लक. करार रद्द झाल्यावर ती शून्य हवी. फेब्रुवारीत काही रुपये दिसले, तर जानेवारीची नोंद राहिलेली असते.