गुडघ्याचा नियम आहे, पण तो सगळीकडे नाही

"हॉकीत चेंडू गुडघ्याच्या वर उडाला की तो धोकादायक खेळ. फटका कुठलाही असो, पंचाने शिट्टी वाजवलीच पाहिजे." (सोलापुरातील शालेय हॉकीच्या पालकांमध्ये फिरत असलेला संदेश)

चालू खेळात धोका ठरवण्यासाठी नियमांनी अशी कोणतीही उंची घालून दिलेली नाही. समोरच्या खेळाडूला स्वतःला वाचवण्यासाठी खरोखरच अंग चोरावे लागले का, हे पंच पाहतो. रिकाम्या जागेत छातीएवढा उडालेला चेंडू त्यामुळे निर्दोष ठरू शकतो. याउलट पाच मीटरच्या आत उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या रोखाने मारलेला फ्लिक किंवा स्कूप नियमाने धोकादायक मानला जातो, आणि त्या वाक्यात गुडघ्याचा उल्लेखच नाही.

"फटका कुठलाही असो" हे शब्द तर अधिकच दिशाभूल करणारे आहेत. पुशमध्ये स्टिकचे डोके आणि चेंडू दोन्ही जमिनीला लागून असतात. तोच ढकललेला चेंडू वर उचलला की फ्लिक होतो, आणि डोके चेंडूखाली घालून उचलला की स्कूप. हे दोन्ही उचलण्यासाठीच आहेत. हिट म्हणजे स्टिक फिरवून मारलेला फटका. तो गोलसमोरच्या 'डी'मधून गोलवर मारलेला नसेल तर मुद्दाम उचलणे हाच गुन्हा आहे, जवळपास कोणी नसले तरीही. मात्र आपल्याकडच्या मुरमाच्या मैदानावर खड्याला लागून चेंडू आपोआप उसळतो, आणि अशी उसळी धोकादायक नसेल तर तिला शिक्षा नाही. हेतू ओळखायचा तर चेंडूकडे नव्हे, मारणाऱ्याकडे पाहावे: स्टिकचा चेहरा उघडा आहे का, अंग मागे झुकले आहे का.

गुडघा आला तो पेनल्टी कॉर्नरमधून. गोलवरच्या पहिल्या फटक्याच्या वेळी पाच मीटरच्या आत आलेल्या बचावपटूला चेंडू गुडघ्याखाली लागला, तर पुन्हा पेनल्टी कॉर्नर मिळतो. नेहमीच्या पवित्र्यात असताना गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला, तर फटका धोकादायक ठरून बचाव करणाऱ्या संघाला फ्री हिट मिळते. तिथेही पहिला फटका हिट असेल तरच तो गोलरेषा ओलांडताना ४६० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे गोलच्या फळीपेक्षा, उंच नसावा; ड्रॅग फ्लिकला ही मर्यादा नाही.

एक प्रसंग घेऊ. हाफबॅक स्वतःच्या २३ मीटर रेषेवरून स्कूप करतो आणि दोन मीटरवरचा फॉरवर्ड तोंड वाचवायला वळतो. इथे फ्री हिट जिथून चेंडू उचलला तिथे मिळते. आता समोर कोणी नाही असे समजा. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एकट्या प्रतिस्पर्धी बचावपटूकडे उतरतो आहे आणि हाफबॅकचा सहकारी त्याच्या अंगावर धावत जातो. बचावपटू चेंडू घेऊन, ताब्यात आणून जमिनीवर टेकवेपर्यंत या सहकाऱ्याने पाच मीटर दूर राहायला हवे होते. उचलणे निर्दोष, चूक धावणाऱ्याची, आणि फ्री हिट चेंडू उतरला त्या जागी.