वजनाची चिल्लर

धाकट्या बहिणीचं बाळंतपण न्यू जर्सीत व्हायचं ठरलं, तेव्हाच आमच्या घरातल्या वजनकाट्याला वाईट दिवस आले. दिवाळी संपली की आठवड्याभरात आई, बायको, चिरंजीव आणि मी असे चौघं निघणार होतो. तिकीट मी काढलं होतं. स्वस्तात काढलं होतं. ते किती स्वस्त होतं हे मला नंतर कळलं, कारण माणशी दोन बॅगांचा जमाना डोक्यात धरून मी बसलो होतो आणि तिकिटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं : माणशी एक बॅग, २३ किलो. हातातली बॅग ७ किलो.

"म्हणजे ९२ किलो," आई म्हणाली. "पुष्कळ झालं की!"

आईचं इथेच चुकलं, आणि ती चूक आम्हाला थेट मुंबईच्या काउंटरवर भोवली. २३ चोक ९२ हे पाढ्यात खरं आहे, विमानात नाही. देशांतर्गत प्रवासात एका तिकिटावरच्या माणसांचं वजन बऱ्याचदा एकत्र धरतात. पण अमेरिकेच्या वाटेवर हिशेब बॅगेचा असतो. एक बॅग २४ आणि दुसरी २० भरली, तर सरासरी २२ येते म्हणून कुणी तुमचं कौतुक करत नाही. २४ वालीचे पैसे मागतात. आणि ३२ च्या वरची बॅग तर पैसे देऊनही सहसा घेत नाहीत, कारण ती शेवटी कुणीतरी माणूसच उचलणार असतो आणि त्याला कंबर असते. हे मी आईला तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा ती म्हणाली, "पण सगळं मिळून भरतंय ना?"

सुरुवात रिकाम्या बॅगा मोजण्यापासून झाली. आमची कडक कवचाची जुनी मोठी बॅग, जिला घरात 'कासव' म्हणतात, ती नुसतीच ५ किलो २०० ग्रॅम निघाली. मधल्या दोघी ४ किलो १०० च्या आणि कापडी बॅग ३ किलो ४०० ची. म्हणजे जवळजवळ १७ किलो आम्ही बॅगाच नेणार होतो. हे ऐकून आईने कासवाकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ओळखायला शिकलो होतो.

आता भरलेली बॅग मोजायची कशी? बाथरूममधल्या काट्यावर आधी आपण उभं राहायचं, मग बॅग कवटाळून उभं राहायचं आणि वजाबाकी करायची, ही पद्धत सगळ्यांना माहीत असते. न करून पाहिलेल्यांना एवढंच माहीत नसतं की बॅग कवटाळली की काटा दिसत नाही. म्हणून चिरंजीव फरशीवर पालथे पडून आकडा वाचत होते. "बाबा, ९६... ९७... हलू नका... ९५!" वीस किलोची बॅग छातीशी धरून स्थिर उभं राहणं ही योगातली कोणती अवस्था आहे ते मला माहीत नाही, पण मला ती साधली नाही.

मग हुकाचा डिजिटल काटा आणला. तो हातात धरला तरी हाताबरोबर आकडा हलतो, म्हणून आम्ही तो झोपाळ्याच्या कडीला टांगला. झोपाळा काढला, त्या जागी कासव लोंबकळत ठेवलं. आकडा स्थिर झाला. मी समाधानाने मागे सरलो, तर बायको म्हणाली, "हा काटा खरा कशावरून?"

बायको हिशेबतपासणीस आहे. तिने कोपऱ्यावरच्या वाण्याकडून ५ किलोचे ४ सीलबंद आट्याचे पुडे आणवले, एका पिशवीत घातले आणि टांगले. पिशवीसकट २० च्या थोडं वर भरायला हवं होतं. काट्याने दाखवलं १९ किलो ६००. म्हणजे आमचा काटा किलोमागे वीस ग्रॅम खात होता. त्याच्यावर विसंबून साडेबावीस भरले असते, तर विमानतळावर ते २३ ला टेकले असते. तेव्हापासून घरात कायदा झाला : झोपाळ्यावर २२ दिसले की हात वर.

खरी मारामारी पुढे सुरू झाली. बॅगेला दोन पोटं असतात, एक जागेचं आणि एक वजनाचं, आणि ती कधीच एकदम भरत नाहीत. डिंकाचे लाडू, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला हे पदार्थ दिसायला गरीब आणि वजनाला पाटील. याउलट चिवडा आणि चकली. अर्धा किलो चिवड्याची पिशवी उशीएवढी जागा अडवते आणि काट्यावर तिची दखलही घेतली जात नाही. पहिल्या खेपेला आईने फराळ सगळा एका बॅगेत आणि 'कोरडं सामान' सगळं दुसऱ्या बॅगेत भरलं. फराळाची बॅग गच्च झाली तेव्हा १४ किलो होती आणि कोरड्या सामानाची अर्धीच भरली होती तेव्हा २३. सगळं परत जमिनीवर ओतलं आणि प्रत्येक बॅगेत थोडं जड, थोडं फुसकं असं वाटून घातलं.

बायकोने यावर एक युक्ती काढली, आणि ती मी कुणालाही फुकट द्यायला तयार आहे. तिने पिठं, मसाले, चिवडा यांच्या सगळ्या पुड्या अर्ध्या किलोच्या केल्या, प्रत्येकीवर मार्करने '५००' लिहिलं आणि प्रत्येक बॅगेत अशा दोन-तीन पुड्या अगदी वरच ठेवल्या, चेन उघडली की हाताला लागतील अशा. "ही चिल्लर," ती म्हणाली. "काउंटरवर सुटे लागतात."

मी हसलो होतो. नोंद असावी.

आदल्या रात्री चारही बॅगा टांगून झाल्या, कुलपं लागली. तुपाचा वाद तेवढा बाकी होता. आईला तूप स्वतःच्या हातातल्या पिशवीत हवं होतं. १०० मिलीच्या वर पातळ पदार्थ हातातल्या सामानात नेता येत नाही, असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, "थिजलंय ना! पातळ कुठलं?" पुण्यातल्या थंडीत थिजलेलं तूप मुंबईत पोचेपर्यंत काय करेल हे तिला माहीत होतं, पण तत्त्व म्हणून ती अर्धा तास लढली. तूप शेवटी मोठ्या बॅगेत गेलं.

पहाटे मुंबई. काउंटरवरची मुलगी मराठी निघाली आणि आईचा चेहरा खुलला. पहिली बॅग २२.४. दुसरी २२.६. तिसरी आईची.

२३.९.

"ही काल झोपाळ्यावर बावीस होती!" मी म्हणालो. काउंटरवरच्या मुलीने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून झोपाळ्याचा उल्लेख टाळायला हवा होता हे लक्षात आलं.

आईने घसा साफ केला. "रात्री सहाण घातली त्यात."

सहाण. माझ्या पणजीच्या वेळची, पंजाएवढी, दोन बोटं जाड, काळ्या दगडाची. बाळाची घुटी उगाळायला. वजन १ किलो ४००.

"आई!"

"त्या बदल्यात काढलंय मी थोडं काहीतरी," ती म्हणाली. "मला कळतं."

चौथी, कापडी बॅग भरली २०.८. आईने तिथल्या तिथे तोंडी बेरीज केली. "एकोणनव्वद पूर्णांक सात. ब्याण्णव चालतं ना, बाळ?"

"आजी, प्रत्येक बॅगेचं वेगळं धरतो आम्ही," मुलगी म्हणाली. "यातलं एक किलो त्यात टाका. आणि कुठल्या मोठ्या बॅगेत पॉवर बँक नाही ना?"

चिरंजीवांनी कापडी बॅगेकडे पाहिलं. मग छताकडे. पॉवर बँक सामानाच्या डब्यात चालत नाही. तिथे बॅटरी पेटली तर विझवायला कुणी पोचू शकत नाही, म्हणून ती माणसांजवळच ठेवायची असते.

मी आईची बॅग आडवी पाडून सहाण शोधायला तळात हात घातला. ती काढायची आणि माझ्या हातातल्या बॅगेत टाकायची, असा सरळ विचार होता. बायकोने मनगट धरलं. "दगड घेऊन सुरक्षा तपासणीत जाणार? तिथे अडवला तर काय करशील? तोवर या बॅगा पट्ट्यावरून गेलेल्या असतील." मग मेतकूट हातात घेऊ, मी म्हटलं. तेही नाही. अमेरिकेच्या विमानात हातातल्या सामानात ३५० मिलीच्या वर पूड असली की तीही अडते. जड वस्तू काढणं सोपं असतं. ती जाऊ कुठे शकते हा प्रश्न असतो.

"चिल्लर," बायको एवढंच म्हणाली.

आईच्या बॅगेत वरच मेतकुटाची आणि भाजणीची '५००' लिहिलेली एकेक पुडी होती. दोन्ही काढल्या : २२.९. सहाण तळात निवांत राहिली. पण कापडी बॅगेत वजनाला जागा होती आणि जागेला जागा नव्हती. म्हणून तिच्यातली वरची चिवड्याची पिशवी काढली आणि त्या उशीच्या खड्ड्यात दोन्ही पुड्या आरामात बसल्या. पॉवर बँक मोज्यांच्या जोडीत सापडली. कापडी बॅग २१ च्या खाली.

आता हातात चिवडा अर्धा किलो आणि पॉवर बँक ४०० ग्रॅम. चिरंजीवांची पाठीवरची बॅग आधीच ६.९ होती. तिच्यात त्यांचं थंडीचं जॅकेट होतं, ९०० ग्रॅमचं. अंगावरचे कपडे कुणी मोजत नाही. मुंबईच्या उकाड्यात त्यांनी ते गळ्यापर्यंत चेन ओढून घातलं, बॅगेत चिवडा आणि पॉवर बँक गेली आणि काट्यावर पुन्हा ६.९ आले. रांगेतल्या मागच्या काकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण घड्याळात बघणं थांबवलं होतं एवढं खरं.

विमान अरबी समुद्रावर आलं. चिरंजीव जॅकेट काढून चिवडा खात होते. आई खिडकीतून बाहेर बघत होती. मधेच ती माझ्याकडे वळली.

"अरे, रात्री मी बॅगेतून काढलं ना थोडं..."

"काय काढलंस?"

"पुडी होती एक छोटी. शंभर ग्रॅमची असेल." ती जरा थांबली. "वेखंड, बाळहिरडा, मुरडशेंग. घुटीचं सामान."