माईक आणि भोंगा

दारावर स्वस्तातला कॅमेरा बसवला आणि त्याचं अ‍ॅप निघालं अख्खं चिनी. त्यामुळे भिस्त खालच्या पट्टीतल्या पाच चित्रांवर: फोटोचा कॅमेरा, व्हिडिओचा कॅमेरा, माईक, फुली मारलेला भोंगा आणि चार दिशांचे बाण. बाणांनी कॅमेऱ्याची मान फिरते. फोटोचा कॅमेरा दाबला की कोपऱ्यात छोटं चित्र टपकतं. व्हिडिओचा दाबला की लाल ठिपका येतो आणि सेकंद पळायला लागतात. तीन चित्रं लागली म्हणून मी स्वतःवरच खूश.

काल ऑफिसातून पाहिलं, तर समोरचे काका माझ्या दारात उभं राहून माझाच पेपर वाचत होते. नुसते वाचत नव्हते, पेनाने शब्दकोडं सोडवत होते! काय पुटपुटताहेत ते ऐकावं म्हणून माईक दाबला. तो नारिंगी झाला. आवाज मात्र काही येईना.

"फुकट्या म्हातारा," मी म्हणालो. "पेन तरी स्वतःचं आहे का?"

काका दचकले. वर पाहिलं. चष्मा कपाळावर सारून थेट कॅमेऱ्यात डोळे घातले आणि तोंड उघडलं ते मिटेचना. पेन माझ्या नाकासमोर नाचत होतं, पण ऐकू शून्य.

तेव्हा कुठे उजेड पडला. माईक म्हणजे माझा आवाज तिकडे. भोंगा म्हणजे तिकडचा आवाज इकडे. नारिंगी म्हणजे चालू. आणि भोंग्यावरची फुली? ती 'आत्ता आवाज बंद आहे' असं सांगते, की 'दाबलंत तर बंद होईल' असं? एकाच चित्राचे दोन उलटे अर्थ, आणि दोन्ही प्रकारची अ‍ॅपं बाजारात आहेत! हे ठरवणाऱ्यांना एकदा काकांसमोर उभं करायला हवं. ऐकू येत नाही, म्हणजे फुली आत्ताची हकिकत सांगतेय असं धरून दाबली. फुली गेली.

"—आणि दोन वर्षं तुमचं दूध मांजरापासून कोण वाचवतंय? हा फुकट्याच!"

"काका, ते... मी दुसऱ्याला..."

"पेन माझंच आहे!"

घाईघाईने माईक पांढरा केला. मग सेटिंगचं चक्र शोधलं. ते नव्हतंच, मधे भोक असलेला षटकोनी नट होता. नटाच्या आत पृथ्वीचा गोळा, गोळ्यात भाषांची यादी. यादीत प्रत्येक भाषा आपापल्या लिपीत लिहिलेली असते, म्हणून 'English' सापडली. हे आधी सुचलं असतं तर!

आज सकाळी पेपर दारात होता, घडी न मोडलेला. दूधही दारातच होतं. पिशवी फाटलेली, आणि मांजर जिन्यात तोंड पुसत बसलेलं.