पाच मोठे, एक छोटा

माप घेण्याच्या प्लास्टिकच्या वाट्यांचा जो संच बाजारात मिळतो, त्यात सहसा चार वाट्या एका कडीत आणि चार चमचे दुसऱ्या कडीत अडकवलेले असतात. आमच्या घरातली वाट्यांची कडी मेहुणीबाई ‘पुढच्या आठवड्यात परत देते’ असे सांगून नाशिकला घेऊन गेल्या. त्यांच्या कोणत्या आठवड्याविषयी हे बोलणे होते, ते आजवर कळलेले नाही. मागे राहिलेल्या चमच्यांवर मला परवा पत्नीच्या वाढदिवसाचा केक करावा लागला. मेलबर्नला राहणाऱ्या मावसबहिणीने पाठवलेल्या कृतीत मैदा ग्रॅममध्ये होता, त्यामुळे तो वाण्याकडून तोलून आणता आला. परंतु तेल १/३ कप आणि साखर २/३ कप लिहिली होती. एकाच कागदावर एक जिन्नस ग्रॅममध्ये आणि दुसरा कपात लिहिणाऱ्या माणसांना काय वाटत असते, हे एकदा समोर बसवून विचारले पाहिजे.

गणित तसे तिसरीच्या मुलाचे आहे. एका कपात १६ टेबलस्पून, म्हणजे मोठे चमचे, मावतात आणि १६ला ३ने भाग जात नाही. पाच चमचे घेतल्यावर एक तृतीयांश चमचा उरतो आणि तो कोणत्याही कडीत नसतो. सुदैवाने एका मोठ्या चमच्यात तीन टीस्पून, म्हणजे छोटे चमचे, बसतात. त्यामुळे उरलेला तो तुकडा बरोबर एक छोटा चमचा ठरतो. १/३ कप म्हणजे पाच मोठे आणि एक छोटा, तर २/३ कप म्हणजे दहा मोठे आणि दोन छोटे. घरात निदान पाव कपाची वाटी असती, तर तिच्यावर एक मोठा आणि एक छोटा चमचा टाकून तेलाचे काम झाले असते. पण तीही नाशिकलाच होती.

हे सगळे मी एकट्याने दहा मिनिटांत उरकले असते. परंतु नेमक्या त्याच वेळी शेजारचे नाना वर्तमानपत्र मागायला आले. नाना वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत. दुकानदारांची मापे तपासण्यात त्यांची हयात गेली, आणि माझ्या हातातला चमचा पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आले, ते मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिले नव्हते.

“हे माप कुठलं?” त्यांनी चमचा हातात घेऊन दांड्यावरचे आकडे चष्मा वर करून वाचले. “पंधरा मिली. बरं. शिक्का कुठे आहे?”

“नाना, हा केकचा चमचा आहे. याला शिक्का नसतो.”

“नसतो, म्हणूनच लोक फसतात,” असे म्हणून ते ओट्याजवळ स्टूल ओढून बसले.

मी तेलाची पिशवी उचलली आणि चमचा थेट दह्याच्या भांड्यावर धरला. नानांनी माझे मनगट धरले. त्यांचे म्हणणे असे की, चमच्याच्या काठावर द्रव फुगून उभा राहतो आणि हात हलला की ओघळतो. भांड्यावरच माप धरले तर ओघळलेले सगळे भांड्यात जाते आणि पाच चमच्यांत अर्धा चमचा जास्त कधी पडला, ते कळत नाही. एकदा दह्यात मिसळलेले तेल परत काढता येत नाही. म्हणून चमचा रिकाम्या बशीवर धरायचा, डोळ्यांच्या पातळीला आणून पृष्ठभाग काठाला सपाट लागल्याचे पाहायचे, मग वेगळ्या वाटीत ओतायचा आणि चमच्याला चिकटलेले तेल बोटाने निपटून घ्यायचे. यातला एकही शब्द चुकीचा नव्हता, आणि माणसाला खरा राग अशाच वेळी येतो.

साखरेची पाळी आली तेव्हा दहापर्यंत मोजायचे होते. साखरेचा चमचा शीग लावून भरायचा, दाबायचा नाही आणि वरचा डोंगर सुरीच्या पाठीने सरळ कापायचा, एवढे मला ठाऊक होते. शिगेचे दहा चमचे घेतले तर २/३ कपाऐवजी जवळजवळ कपभर साखर पडू शकते, हेही ठाऊक होते. धास्ती होती ती मोजणी चुकण्याची, कारण नाना बोलत होते. १९५६ साली मापांचा कायदा कसा झाला, शेर जाऊन किलो कसा आला आणि एका दूधवाल्याच्या मापाचा तळ बाहेरून कसा ठोकून वर उचललेला सापडला, हे सगळे ते सांगत होते. म्हणून मी ओट्यावर दहा फुटाणे मांडले आणि प्रत्येक चमच्यामागे एक फुटाणा डावीकडून उजवीकडे सरकवण्याची व्यवस्था केली.

दूधवाल्यापर्यंत कथा आली तेव्हा माझ्या उजवीकडे चार फुटाणे होते आणि डावीकडे तीन.

“नाना, फुटाणे खाल्लेत का?”

“थोडे खारट आहेत,” नाना म्हणाले.

“कुठल्या बाजूचे खाल्लेत?”

यावर त्यांनी जो विचार केला, तो न्यायालयातल्या साक्षीदाराने करावा इतका गंभीर होता. शेवटी ते म्हणाले, “दोन्हीकडचे. पंक्तिप्रपंच बरा नव्हे.”

मी साखर पुन्हा डब्यात ओतली. या वेळी दोन वाट्या घेतल्या आणि प्रत्येकीत पाच मोठे व एक छोटा चमचा अशी साखर भरली, कारण पाचपर्यंतचा आकडा दूधवाल्याच्या कथेतही शाबूत राहतो. शिवाय दोन सारख्या वाट्या शेजारी ठेवल्या की चमच्याचा फरक डोळ्यांनाच दिसतो. ही युक्ती नानांना आवडली असावी, कारण ते गप्प झाले आणि त्यांनी कृतीचा कागद वाचायला घेतला.

“ही मेलबर्नची आहे?” त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. “मग त्यांचा कप अडीचशे मिलीचा. तुझे सोळा चमचे मिळून दोनशे चाळीसच होतात. त्यांचा मोठा चमचासुद्धा वीस मिलीचा असतो. तिच्या चमच्याने तू पाच आणि एक घेतले असतेस, तर तेल शंभराच्या वर गेलं असतं.”

मी त्यांना शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले की, चमचा माझा आहे, तिचा नाही; माझ्या चमच्याने ८० मिली तेल झाले, तिच्या कपाने ८३ झाले असते, आणि तीन मिलीने केकला काही होत नाही. साखरही त्याच प्रमाणात किंचित कमी पडली होती, त्यामुळे तिथेही तक्रारीला जागा नव्हती. खायच्या सोड्याचे तसे नाही. तो अर्धा छोटा चमचा सांगितलेला असताना पाऊण पडला, तर साबणासारखी चव लागते. तिथे नानांनी कितीही टोकले असते तरी मी ऐकून घेतले असते. परंतु सोडा टाकताना ते वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवत होते.

केक चांगला फुगला. संध्याकाळी नानांनी दोन तुकडे खाल्ले, पत्नीला शुभेच्छा दिल्या आणि “तेल तीन मिली कमी पडलंय, पण त्याला बोलू नकोस,” असे तिला सांगितले. मला स्पष्ट ऐकू येईल एवढ्या आवाजातच सांगितले.